उभं राहता येतं, खाली बसता येत नाही

नवव्या महिन्याच्या आसपास बऱ्याच घरांत झोपेचं गणित बिघडतं. आतापर्यंत बऱ्यापैकी झोपणारं बाळ रात्री एक-दोनच्या सुमाराला रडायला लागतं. आई उठून दिवा लावते, तर बाळ कॉटचा कठडा दोन्ही मुठींनी घट्ट धरून उभं असतं. डोळे अर्धे मिटलेले, मान पेंगतेय, गुडघे मात्र ताठ. आई त्याला उचलून आडवं करते, थोपटते. ती पलंगापर्यंत पोहोचते तोवर बाळ पुन्हा उभं, आणि रडणंही पुन्हा सुरू. सकाळी आजी म्हणते, दात येत असतील. शेजारच्या काकू दृष्ट काढायला सांगतात. भूक लागत असेल म्हणून रात्रीचं बंद झालेलं दूध पुन्हा सुरू होतं.

यातलं काही वेळा काही खरंही असतं. पण बाळ दर वेळी उभं राहूनच रडत असेल, आणि आडवं केल्यावर घटकाभर शांत होत असेल, तर कारण बहुधा साधं असतं. त्याला वर यायला जमलंय, खाली जायला अजून जमलेलं नाही. ते तिथे अडकलेलं असतं.

जागतिक आरोग्य संघटनेने 2006 मध्ये बालकांच्या हालचालींचे टप्पे प्रसिद्ध केले. त्यासाठी पाच देशांतल्या मुलांची पाहणी झाली होती, त्यांत दिल्लीतली मुलंही होती. आधाराला धरून उभं राहणं हा टप्पा सुदृढ मुलांमध्ये साधारण पावणेपाच ते साडेअकरा महिन्यांच्या दरम्यान कधीही येतो, असं त्यात दिसलं. म्हणजे शेजारचं बाळ सातव्या महिन्यात उभं राहिलं आणि आपलं दहाव्यात, तरी दोन्ही वेळेवरच.

वर येणं आणि खाली जाणं या एकाच हालचालीच्या दोन दिशा वाटतात, पण शरीराला त्या वेगळ्या शिकाव्या लागतात. उभं राहताना बाळ सुरुवातीला मुख्यतः हातांच्या जोरावर स्वतःला ओढून घेतं आणि पाय सरळ करतं. हात सुटत नाहीत, नजर समोर असते. खाली जाताना मात्र मांडीच्या पुढच्या स्नायूंना अंगाचा भार पेलत पेलत हळूहळू सैल व्हावं लागतं. सिंहगड चढताना दम लागतो, पण मांड्या थरथरतात त्या उतरताना, तोच हा प्रकार. शिवाय गुडघे वाकवायचे, कुल्ले मागे न्यायचे, एक हात सोडायचा आणि जी जागा दिसत नाही तिच्यावर बसायचं. मुठी सोडल्या तर पडू, एवढं बाळाला कळतं. म्हणून ते गुडघे ताठ करतं आणि हाक मारतं.

मग हे रात्रीच का? दिवसा अडकलं तर कुणीतरी लगेच उचलतं, त्यामुळे अडचण लक्षातच येत नाही. रात्री सगळीच बाळं झोपेच्या दोन फेऱ्यांच्या मध्ये थोडी चाळवतात. हालचालीचं नवं कौशल्य अंगात येत असलं की अशा अर्धवट जागेपणी बाळ उठून बसतं, कठडा हाताला लागतो आणि ते उभं राहतं. इस्रायलमधल्या हैफा विद्यापीठाच्या संशोधक अनात शेर यांनी बाळांची झोप आणि हालचाल यांचा बरीच वर्षं अभ्यास केला. रांगायला किंवा धरून उभं राहायला लागण्याच्या काळात रात्रीची झोप अनेकदा विस्कटते, हे त्यांच्या कामातून पुढे आलं.

यावरचा उपाय दिवसाउजेडी करायचा आहे, आणि तो शिकवण्याचा आहे. आपण बाळाला बगलेत धरून उचलतो आणि आडवं करतो, तेव्हा सगळं काम आपणच केलेलं असतं. त्याच्या गुडघ्यांनी काहीच केलेलं नसतं. असं वीस वेळा केलं तरी ते काही शिकत नाही.

दिवाणाशी किंवा सोफ्याशी बाळ उभं असताना त्याच्या मागे जमिनीवर बसावं. खाली सतरंजी असावी, पण बाळाचे पाय उघडेच ठेवावेत. मोजे घातले तर फरशीवर पाय घसरतात. त्याच्या आवडीची वस्तू, वाटी-चमचा असला तरी चालेल, त्याच्या पायाशी एका बाजूला ठेवावी. ते खाली बघू लागलं की आपले हात त्याच्या कमरेच्या दोन्ही बाजूंना ठेवून कुल्ले हलकेच मागे आणि खाली आणावेत. गुडघे वाकत नसतील तर गुडघ्याच्या मागच्या खळगीत बोटाने अलगद दाबावं. एक हात दिवाणावर राहू द्यावा, दुसरा वस्तूकडे जाऊ द्यावा. खाली बसवण्याची घाई करू नये, कारण वजन पेलत खाली येण्याचे ते दोन-तीन क्षण हाच खरा धडा आहे. पहिल्या दिवसांत वस्तू जमिनीऐवजी पाटावर किंवा उशीवर ठेवली तर बाळाला कमीच वाकावं लागतं. ते जमलं की वस्तू खाली आणावी. खेळता खेळता चार-पाच वेळा, दिवसातून दोन-तीनदा एवढं पुरतं.

सुरुवातीला बाळ धपकन बसतं, आणि डायपरवर बसल्याने बहुधा काही होत नाही. मग एक दिवस ते एक गुडघा आधी टेकवतं. ही मोठी खूण आहे, इथून पुढे रात्री सुधारायला लागतात. बहुतेक घरांत यासाठी काही दिवस ते काही आठवडे लागतात.

रात्री तोच धडा थोडक्यात द्यावा. दिवा न लावता, कमी बोलून, उचलून न घेता कमरेला धरून त्याला खाली आणावं आणि पाठीवर निजवावं. नंतर ते स्वतःहून कुशीवर किंवा पालथं झालं तर तसंच राहू द्यावं. मोठं रडू नसेल, नुसती कुरकुर असेल, तर क्षणभर थांबून पाहावं. पहाटे कधीतरी ते आपलं आपणच बसतं.

बाळ उभं राहायला लागलं त्याच दिवशी कॉटची गादी सगळ्यात खालच्या पातळीवर न्यायला हवी. उभ्या बाळाच्या छातीखाली येणारा कठडा धोक्याचा असतो. उशा, लोड, मोठी मऊ खेळणी काढून टाकावीत, कारण बाळ त्यांच्यावर पाय देऊन वर चढतं. टांगलेला पाळणा आणि साडीची झोळी तर आता वापरूच नये. बाळ काठ धरून उभं राहिलं की ती झुकतात आणि ते डोक्यावर पडतं. कॉट खिडकीपाशी असेल तर पडद्याच्या दोऱ्या बाळाच्या हाताला लागणार नाहीत एवढी दूर सरकवावी.

उभं राहताना सुरुवातीला चवड्यांवर येणं बहुतेक मुलांत दिसतं. पण पाय कायम ताठ असतील, दिवसा कपडे बदलतानाही सहज वाकत नसतील, बाळ नेहमी एकाच हाताने ओढून घेत असेल किंवा एकाच पायावर भार देत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावं. वर्षाचं झालं तरी धरून उभं राहत नसेल, किंवा आधी जमणारी एखादी हालचाल बंद झाली असेल, तरीही दाखवावं. आणि आडवं केल्यावर, कडेवर घेतल्यावरही रडणं थांबत नसेल, ताप असेल, कानाला सारखा हात जात असेल, तर रडण्याचं कारण कठड्याबाहेर शोधायला हवं.