पिरॅमिडचा उतार नेमका कुठे मोजायचा?

डेअरीतून आणलेला पनीरचा मोठ्ठा ठोकळा डोळ्यांसमोर आणा. लांबी, रुंदी, उंची तिन्ही १० सेंटीमीटर, म्हणजे पक्का घन. आता त्याचा खालचा एक कोपरा सुरीने उडवायचा. त्या कोपऱ्यातून तीन कडा निघतात, दोन टेबलावरून आणि एक सरळ वर. या तिन्ही कडांच्या दुसऱ्या टोकांमधून सुरी गेली पाहिजे. कापलेला तुकडा बाजूला ठेवला की त्याला एक तिरकं, त्रिकोणी पृष्ठ दिसेल. प्रश्न एवढाच : हे तिरकं पृष्ठ टेबलाशी किती अंशांचा कोन करतं?

वर्गात विचारून बघा, निम्मे हात ४५ अंशांसाठी वर होतील. कारण प्रत्येक बाजूचं पृष्ठ कर्णावर कापलं गेलंय आणि चौरसाचा कर्ण ४५ अंशांत असतो. ऐकायला एकदम बरोबर वाटतं. पण उत्तर ४५ नाही.

पुस्तक उघडा, कोन दिसेल

दोन रेषांमधला कोन आपण सहावीपासून मोजतोय. पण दोन प्रतलांमधला? त्याला द्वितल कोन म्हणतात, क्लासमध्ये सर ‘डायहेड्रल अँगल’ म्हणतील. अर्धवट उघडलेलं पुस्तक हे त्याचं सगळ्यात सोपं मॉडेल. दोन पानं म्हणजे दोन प्रतलं आणि मधली शिवण म्हणजे त्यांची छेदनरेषा.

आता शिवणीवरच्या एका बिंदूपासून डाव्या पानावर एक रेघ ओढा आणि त्याच बिंदूपासून उजव्या पानावर दुसरी. या दोन रेघांमधला कोन म्हणजे पानांमधला कोन का? थांबा! रेघा तुम्ही तिरक्या ओढल्यात तर कोन वेगळा येईल, आणखी तिरक्या ओढल्यात तर आणखी वेगळा. पुस्तक तर हललेलंही नाही. म्हणून नियम असा, की दोन्ही रेघा शिवणीला काटकोनात हव्यात. मग बिंदू शिवणीवर कुठेही घ्या, कोन तोच येतो. तोच द्वितल कोन.

म्हणजे काम तीन पायऱ्यांचं आहे. दोन प्रतलं कुठल्या रेषेत भेटतात ते शोधा. त्या रेषेवर असा बिंदू निवडा, जिथून दोन्ही प्रतलांत लंब सहज काढता येतील. मग त्या दोन लंबांमधला कोन त्रिकोण करून सोडवा. चुका बहुतेक दुसऱ्या पायरीवर होतात.

पनीरचा हिशोब

आपला तुकडा टेबलाला कुठल्या रेषेत भेटतो? सुरी खालच्या दोन कोपऱ्यांतून गेलीय, म्हणजे छेदनरेषा हा खालच्या चौरसाचा कर्ण झाला. ४५ अंशांवाल्यांनी इथेच गडबड केली. त्यांनी कोन मोजला तो घनाच्या कडेलगत, आणि ती कड या छेदनरेषेला लंब नाहीच.

लंब कुठून मिळेल? कर्णाच्या मध्यबिंदूतून. तिरक्या त्रिकोणाच्या तिन्ही बाजू सारख्याच लांबीच्या आहेत, कारण तिन्ही चौरसांचे कर्णच आहेत. त्यामुळे त्याच्या वरच्या टोकापासून मध्यबिंदूपर्यंतची रेघ कर्णाला आपोआप लंब असते. टेबलावरही तसंच, उडवलेल्या कोपऱ्यापासून त्याच मध्यबिंदूला जाणारी रेघ कर्णाला लंब असते.

आता एक उभा काटकोन त्रिकोण मिळाला. त्याची उभी बाजू घनाची कड, १० सेंटीमीटर. आडवी बाजू चौरसाचा अर्धा कर्ण, म्हणजे सुमारे ७.०७ सेंटीमीटर. टॅन म्हणजे १० भागिले ७.०७, बरोबर १.४१४, वर्गमूळ २. कॅलक्युलेटर सांगतो ५४.७ अंश. ४५ पासून जवळजवळ १० अंश दूर.

घाटाचा रस्ता आणि डोंगराचा उतार

उत्तर चुकलंय हे हिशोब न करता ओळखता येतं का? येतं. कुठलाही घाट आठवा. डोंगर चांगला उभा असतो, पण रस्ता त्यावरून वळणं घेत आडवा चढतो, म्हणूनच एसटी वर जाऊ शकते. डोंगर तोच, पण तिरकं गेलं की चढ कमी लागतो. सगळ्यात जास्त चढ लागतो तो सरळ वर गेलं तर, म्हणजे पायथ्याच्या रेषेला काटकोनात.

तिरक्या प्रतलाचंही तेच. त्यावरच्या कुठल्याही रेषेचा आडव्या जमिनीशी असलेला कोन द्वितल कोनापेक्षा जास्त असूच शकत नाही. पनीरच्या तुकड्यावर चौरसाचा कर्ण ४५ अंशांत चढतो, तो घाटाचा रस्ता. डोंगराचा खरा उतार ५४.७. तुमचं उत्तर त्या पृष्ठावरच्या एखाद्या रेषेच्या चढापेक्षा कमी आलं, तर लंब चुकलाय हे नक्की समजा.

गिझाला जाऊ

इजिप्तमधला खुफूचा पिरॅमिड चौरस पायाचा आहे. इजिप्शियन लोक लांबी हातात मोजायचे, आपल्याकडच्या जुन्या ‘हात’सारखंच. त्यांच्या मापात या पिरॅमिडची बाजू ४४० हात आणि मूळ उंची २८० हात धरली जाते. मीटरमध्ये हे साधारण २३० आणि १४६.६.

बाजूचं पृष्ठ जमिनीशी किती कोन करतं? छेदनरेषा पायाची बाजू. तिचा मध्यबिंदू घ्या. तिथून पृष्ठावर सरळ शिखराकडे जाणारी रेघ म्हणजे तिरकस उंची, ती बाजूला लंब. जमिनीवर पायाच्या केंद्राकडे जाणारी रेघही लंब. काटकोन त्रिकोण तयार : उभी बाजू २८० हात, आडवी २२०. टॅन १.२७३ येतो आणि कोन ५१.८ अंश.

हाच कोन पायाच्या कोपऱ्यापासून शिखरापर्यंतच्या कडेवर मोजला तर? आडवी बाजू २२० ऐवजी अर्धा कर्ण होते, ३११ हात. टॅन फक्त ०.९ आणि कोन ४२ अंश. म्हणजे हा पुन्हा घाटाचा रस्ताच!

इजिप्शियन लोकांकडे टॅन नव्हता, अंशही नव्हते. त्यांचं माप होतं ‘सेकेद’. एक हात म्हणजे सात तळवे. भिंत एक हात वर चढली की किती तळवे आत सरकते, तो सेकेद. ब्रिटिश म्युझियममध्ये असलेल्या ऱ्हाइंड पपायरसमध्ये यावरची गणितं आहेत. त्यातलं एक असं : पाया ३६० हात, उंची २५० हात, सेकेद काढा. लेखक काय करतो, तर सगळ्यात आधी ३६० चा अर्धा घेतो, १८०. कर्णाचा अर्धा नाही, बाजूचा अर्धा. म्हणजे उतार बाजूच्या मध्यातून मोजायचा हे त्याला पक्कं ठाऊक होतं. खुफूच्या पिरॅमिडला साडेपाच तळव्यांचा सेकेद बसतो. ७ भागिले ५.५ करून बघा, तोच १.२७३.

दोन पृष्ठांच्या मधला कोन

आता थोडं अवघड. शेजारशेजारची दोन तिरकी पृष्ठं एकमेकांशी किती कोन करतात? वरून फोटो काढला तर चौरस दिसतो, म्हणून तोंडात लगेच ९० येतं. पण वरून बघणं म्हणजे आडवा काप बघणं, आणि पिरॅमिडची कड तर तिरकी आहे. आडवा काप तिला लंब नाही.

हे हाताने करून बघा. हिशोब सोपा व्हावा म्हणून मोठ्या पिरॅमिडचं छोटं रूप घ्या : पाया २२ सेंटीमीटर, उंची १४. कार्डबोर्डचे चार त्रिकोण लागतील, प्रत्येकाचा पाया २२ आणि बाकी दोन बाजू २०.९ सेंटीमीटर. शेजारचे दोन त्रिकोण एका २०.९ च्या कडेने चिकटवा. प्रत्येक त्रिकोणात समोरच्या कोपऱ्यापासून या सामाईक कडेवर लंब टाका. दोन्ही लंब कडेवर एकाच बिंदूत भेटतात, कारण त्रिकोण एकसारखे आहेत. प्रत्येक लंब १८.७ सेंटीमीटरचा.

पिरॅमिड उभा केला की लंबांची बाहेरची दोन टोकं पायाच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांवर येतात. त्यांच्यातलं अंतर पायाचा कर्ण, ३१.१ सेंटीमीटर. म्हणजे १८.७, १८.७ आणि ३१.१ बाजूंचा समद्विभुज त्रिकोण झाला. तो मधोमध दुभागला की अर्ध्या कोनाचा साईन १५.५६ भागिले १८.७२, म्हणजे ०.८३१. अर्धा कोन ५६.२, पूर्ण कोन ११२.४ अंश. ९० च्या आसपासही नाही!

इथेही डोळ्यांनी तपासणी करता येते. पिरॅमिड दाबत दाबत अगदी चपटा केला तर शेजारची पृष्ठं जवळजवळ एका सपाटीत येतात, कोन १८० कडे जातो. उलट तो खूप उंच, सुळक्यासारखा केला तर तो चौकोनी खांबासारखा होतो आणि कोन ९० कडे उतरतो. त्यामुळे चौरस पायाच्या सरळ पिरॅमिडमध्ये हा कोन नेहमी ९० आणि १८० च्या मध्येच असतो. नेमका ९० कधीच नाही.

बारावीवाल्यांसाठी शेवटची खाच

बारावीत दोन प्रतलांमधला कोन त्यांच्या अभिलंबांवरून काढतात. गिझाच्या शेजारच्या दोन पृष्ठांना ते सूत्र लावलं तर उत्तर येतं ६७.६ अंश. मग ११२.४ चुकलं का? नाही. दोन प्रतलं एकमेकांना छेदतात तेव्हा दोन कोन होतात आणि त्यांची बेरीज १८०. सूत्रात केवल मूल्याच्या उभ्या रेघा असतात, म्हणून ते नेहमी लघुकोनच देतं. पिरॅमिडच्या आतला, दगडाने भरलेला कोन मात्र विशालकोन आहे. प्रश्नात ‘दोन प्रतलांमधला’ असेल तर ६७.६ लिहा, ‘पिरॅमिडच्या दोन पृष्ठांमधला आतला’ असेल तर ११२.४. आणि कुठला घ्यायचा अशी शंका आली, तर तो कार्डबोर्डचा तुकडा उघडून बघा. कोन काटकोनाहून मोठा आहे हे लगेच दिसतं.