झाडाच्या जड साखळ्या

स्पोज या संकेतस्थळावर QTREE नावाचं एक जुनं कोडं आहे. दहा हजारांपर्यंत नोड असलेलं झाड, म्हणजे ट्री, दिलेलं असतं आणि त्याच्या प्रत्येक कडेला किंमत असते. CHANGE म्हटलं की एका कडेची किंमत बदलायची, QUERY म्हटलं की दोन नोडमधल्या वाटेवरची सर्वांत महाग कड सांगायची. वाटेवरून एकेक पाऊल चालत गेलं तर उत्तर बरोबरच येतं. पण झाड एका सरळ दोरीसारखं लांबट असेल तर प्रत्येक प्रश्नाला हजारो पावलं पडतात, आणि प्रश्नही ढिगाने असतात.

सरळ रांगेतल्या आकड्यांसाठी सेगमेंट ट्री हे हत्यार तयार आहे. रांगेतल्या कुठल्याही सलग तुकड्याचं कमाल मूल्य ते लॉग n वेळात देतं. अडचण एवढीच की झाड म्हणजे रांग नव्हे. हेवी-लाइट डिकंपोझिशन, स्पर्धकांच्या तोंडी एचएलडी, झाड अशा खुबीने रांगेत मांडतं की कुठल्याही वाटेचे थोडेच सलग तुकडे पडावेत.

नियम एका ओळीचा आहे. प्रत्येक नोडच्या मुलांपैकी ज्याची सबट्री सर्वांत मोठी ते जड मूल, बाकीची हलकी. जड मुलांमागून जड मुलं जोडत गेलं की साखळ्या तयार होतात. दहा नोडचं झाड घेऊ. मूळ 1, त्याची मुलं 2 आणि 3. 2 ची मुलं 4 आणि 5. 4 खाली 8, 8 खाली 9. 3 ची मुलं 6 आणि 7. 7 खाली 10. 2 च्या सबट्रीत पाच नोड आहेत, 3 च्या सबट्रीत चार. म्हणून 1 चं जड मूल 2. असं करत 1-2-4-8-9 ही मोठी साखळी, 3-7-10 ही दुसरी, आणि 5 व 6 एकेकटे. आता जड मुलाला आधी भेट देत झाड फिरलं की रांग मिळते: 1, 2, 4, 8, 9, 5, 3, 7, 10, 6. प्रत्येक साखळी तिच्यात सलग बसते.

तुकडे थोडेच का पडतात? हलक्या मुलाकडून वर चढलं की पालकाच्या सबट्रीत निदान तेवढंच मोठं जड भावंड असतं, म्हणजे आकार दुपटीहून अधिक होतो. एक लाख नोडच्या झाडात अशी दुप्पट सोळाहून जास्त वेळा होऊच शकत नाही. म्हणून साखळ्या लॉग n, प्रत्येकीवर सेगमेंट ट्रीचा लॉग n, आणि गुणाकार लॉग वर्ग.

9 ते 6 या वाटेचा प्रश्न असा सुटतो:

```cpp
while (head[a] != head[b]) {
    if (depth[head[a]] < depth[head[b]]) swap(a, b);
    ans = max(ans, query(pos[head[a]], pos[a]));
    a = parent[head[a]];
}
```

6 च्या साखळीचं डोकं 6 च, 9 च्या साखळीचं डोकं 1. ज्याचं डोकं खोल तो आधी वर चढतो. म्हणून रांगेतली दहावी जागा तपासून 6 वरून 3 वर, मग सातवी जागा तपासून 3 वरून 1 वर. आता दोघं एकाच साखळीत आले, तेव्हा किमती नोडवर असतील तर उरलेला पहिल्या ते पाचव्या जागेचा तुकडा एकदाच विचारायचा. सात नोडची वाट, तीन प्रश्न.

नेहमीची चूक इथेच होते: डोक्याच्या खोलीऐवजी नोडचीच खोली तुलनेला घेतली जाते. आपल्या उदाहरणात 9 हा 6 पेक्षा खोल आहे. तो आधी उचलला तर आपण थेट मुळाच्या वर, अस्तित्वातच नसलेल्या पालकाकडे पोचतो. दुसरी चूक कडांच्या किमतींची. कडेची किंमत तिच्या खालच्या नोडवर ठेवतात, त्यामुळे शेवटच्या तुकड्यात वरचा नोड वगळावा लागतो. आपल्या वाटेत जागा 2 ते 5. तो वगळायचा राहून गेला तर मुळाशी काहीच ठेवलेलं नसल्याने या प्रश्नाचं उत्तर योगायोगाने बरोबर येईल, पण वाट 2 वरून वळली की 1-2 ही परकी कड हिशेबात शिरेल. यादृच्छिक झाडं बहुधा उथळ निघतात, म्हणून लांब दोरीसारखं झाडही मुद्दाम चालवून पाहावं. रिकर्शनचा स्टॅक तिथेच कोसळतो.

ही कल्पना डॅनियल स्लीटर आणि रॉबर्ट टार्जन यांच्या 1983 च्या लेखातून रुजली. त्यांचा निकष अधिक कडक होता: मुलाची सबट्री पालकाच्या निम्म्याहून मोठी असेल तरच कड जड. त्या हिशेबाने आपल्या झाडातली 1-2 ही कड हलकी ठरते, कारण पाच म्हणजे दहाचे नेमके निम्मे.

लॉग वर्ग ही कमाल मर्यादा आहे आणि ती गाठणारं झाड मुद्दाम घडवावं लागतं. दोरीसारख्या झाडात साखळी एकच. समतोल बायनरी ट्रीत साखळ्या पुष्कळ, पण आखूड. दोन्ही त्रास एकदम हवे असतील तर बायनरी ट्रीच्या प्रत्येक कडेजागी लांब साखळी बसवावी लागते. म्हणूनच प्रत्यक्षात एचएलडी कागदावरच्या हिशेबापेक्षा बरंच चपळ निघतं. किमती कधीच बदलणार नसतील तर मात्र त्याची गरज नाही, बायनरी लिफ्टिंग पुरतं. आणि झाडाच्या कडाच तुटत-जुळत असतील तर साखळ्यांची ही रांग निरुपयोगी ठरते. तिथे स्लीटर-टार्जन यांचीच लिंक-कट ट्री वापरावी.