फ्लॅश कुठे ठेवायचा?

कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवलेल्या फ्लॅशने काढलेला फोटो लगेच ओळखू येतो. कपाळ आणि नाकाचा शेंडा चकाकतो, गाल सपाट दिसतात आणि मागच्या भिंतीवर डोक्याची काळी, धारदार सावली उमटते. बहुतेक जण याचा दोष फ्लॅशच्या जोराला देतात आणि पॉवर कमी करतात. त्याने फोटो काळपट होतो, सावलीची धार मात्र जशीच्या तशी राहते. सावली कडक पडणार की मऊ, हे जोरावर ठरतच नाही. चेहऱ्याच्या जागेवरून पाहिलं तर तो प्रकाश केवढा मोठा दिसतो, यावर ते ठरतं.

सूर्य अवाढव्य आहे, पण इतका लांब आहे की आपल्याला तो लहानशी चकती वाटतो. म्हणून स्वच्छ दुपारी माणसाची सावली कोरल्यासारखी पडते. आषाढात आभाळ भरून आलं की सबंध आभाळच दिवा होतं आणि सावल्या जवळजवळ नाहीशा होतात. फ्लॅशची काच जेमतेम सात-आठ सेंटिमीटर रुंद असते. तिच्यावर चढवायची पांढरी प्लास्टिकची टोपी तिला फारशी मोठी करत नाही. खोलीत या टोपीमुळे प्रकाश भिंती-छतावर उधळतो आणि परतून येतो, म्हणून थोडा फरक दिसतो. मोकळ्या अंगणात तोही दिसत नाही, नुसती पॉवर वाया जाते.

म्हणजे दोन गोष्टी करायच्या: प्रकाश मोठा करायचा आणि माणसाच्या जवळ न्यायचा. कॅमेऱ्याला जोडलेला फ्लॅश जवळ नेता येत नाही, तिथे वायरलेस ट्रिगर उपयोगी पडतो. त्याचा ट्रान्समीटर कॅमेऱ्याच्या शूमध्ये बसतो आणि रिसीव्हर फ्लॅशच्या खाली लागतो. नव्या पुष्कळ फ्लॅशमध्ये रिसीव्हर आतच असतो. शटर दाबलं की रेडिओ लहरींनी इशारा जातो आणि फ्लॅश उडतो. दोघांचा चॅनल आणि ग्रुप एकच हवा. पहिल्यांदा फ्लॅश उडाला नाही तर बहुधा गडबड तिथेच असते, नाहीतर ट्रान्समीटर शूमध्ये पुरता सरकलेला नसतो.

एक साधा प्रसंग घेऊ. घरातल्या सत्तरीच्या आजीचा फोटो काढायचा आहे. दहा बाय बाराची खोली, पांढऱ्या भिंती, छताला ट्यूबलाइट. आजींना भिंतीला टेकून बसवायचं नाही. खुर्ची भिंतीपासून निदान पाच-सहा फूट पुढे घ्यायची, म्हणजे त्यांची सावली भिंतीवर न पडता मागे जमिनीवर, चौकटीच्या बाहेर उतरते. भिंतीवरच्या सावलीची निम्मी तक्रार एवढ्यानेच मिटते.

आता स्टँडवर फ्लॅश आणि त्याच्यापुढे पांढरी, आरपार प्रकाश जाणारी छत्री. साधारण ४३ इंची छत्री एका चेहऱ्याला पुरते. फ्लॅशचा झूम २४ वर ठेवायचा, नाहीतर छत्रीचा फक्त मधला भाग उजळतो आणि मोठ्या छत्रीचा फायदाच उरत नाही. छत्री आजींपासून सुमारे एक मीटरवर, म्हणजे छत्रीच्या रुंदीइतक्याच अंतरावर हवी. चौकटीत येणार नाही इतकीच लांब ठेवायची, त्याहून लांब नको. हीच छत्री तीन मीटर मागे नेली तर ती चेहऱ्याला तिपटीने लहान दिसते आणि सावली पुन्हा कडक होते. मऊ प्रकाशासाठी मोठी छत्री घेतात आणि मग अडचण नको म्हणून ती कोपऱ्यात उभी करतात, ही चूक सर्रास दिसते.

जवळ ठेवल्याचा आणखी एक परिणाम होतो. अंतर तिप्पट झालं की प्रकाश नवव्या हिश्श्यावर येतो. छत्री चेहऱ्यापासून एक मीटरवर आणि भिंतीपासून तीन मीटरवर असेल, तर पांढरी भिंत फोटोत चांगली गडद राखाडी येते आणि चेहरा तिच्यावर उठून दिसतो. भिंत उजळ हवी असेल तर आजींना आणि छत्रीला मिळूनच भिंतीच्या थोडं जवळ न्यायचं.

छत्री कॅमेऱ्याच्या एका बाजूला साधारण ४५ अंशांवर ठेवायची आणि तिचा मध्य आजींच्या डोळ्यांपेक्षा थोडा वर घ्यायचा. उंची बरोबर आहे की नाही, हे नाकाची सावली सांगते. ती ओठाच्या कोपऱ्याच्या दिशेने, तिरकी आणि आखूड पडायला हवी. ती सरळ खाली ओठावर उतरली आणि डोळ्यांच्या खोबणी काळ्या झाल्या, तर छत्री फार वर गेली आहे. बुबुळात छत्रीची पांढरी चमक घड्याळातल्या दहा किंवा दोनच्या जागी दिसली की समजावं, जमलं. चमक नसेल तर डोळे निस्तेज वाटतात, मग बाकी सगळं कितीही नीट असो.

सेटिंगसाठी सगळं मॅन्युअल बरं. आयएसओ २००, ॲपर्चर एफ ४, शटर १/१६०. आधी फ्लॅश बंद ठेवून एक फोटो काढायचा. तो जवळजवळ काळा आला पाहिजे. म्हणजे ट्यूबलाइटचा हिरवट रंग चेहऱ्यावर येणार नाही. मग फ्लॅश १/१६ पॉवरवर लावून बघायचं. चेहरा पांढराफटक पडला तर १/३२, काळवंडला तर १/८. शटर १/५०० वगैरे नेलं तर फोटोच्या एका कडेला काळा पट्टा येतो, कारण तेवढ्या वेगात शटरचे दोन्ही पडदे एकाच क्षणी पूर्ण उघडे नसतात. बहुतेक कॅमेऱ्यांत ही मर्यादा १/२०० किंवा १/२५० असते. उलट मागच्या खिडकीतला उजेड फोटोत हवा असेल तर शटर १/६० वर आणायचं. फ्लॅशचा झोत इतका क्षणिक असतो की शटरच्या या फरकाने चेहऱ्यावरचा फ्लॅशचा उजेड बदलत नाही, खिडकीचा तेवढा वाढतो.

एवढं करूनही छत्रीच्या पलीकडचा गाल फार काळा वाटला, तर दुसरा फ्लॅश शोधू नये. थर्माकोलची मोठी पांढरी पाटी त्या बाजूला, गालापासून दोन फुटांवर उभी करावी. पाटी पुढे-मागे केली की सावली उजळते, गडद होते. आजींच्या चेहऱ्यावर सुरकुत्या आहेत. सावली सगळीच घालवली तर त्या पुसल्या जातात आणि चेहराही ओळखीचा राहत नाही. मला थोडी सावली राहिलेली आवडते. भिंती हिरव्या किंवा गुलाबी असतील तर मात्र सावध राहावं. छत्रीतून सगळीकडे पसरलेला प्रकाश त्यांच्यावरून परतताना तो रंग घेऊनच सावलीच्या बाजूच्या गालावर येतो. अशा खोलीत छत्रीऐवजी सॉफ्टबॉक्स घ्यावा. तो प्रकाश पुढेच पाठवतो.

चष्म्याची अडचण हमखास येते. काचेत छत्रीचं पांढरं बिंब दिसलं तर छत्री थोडी वर आणि थोडी बाजूला न्यावी. चष्म्याच्या काड्या कानांवर किंचित उचलल्या की काचा खाली झुकतात आणि बिंब निघून जातं.

ही मांडणी एका माणसाची आहे. आजींच्या शेजारी चार नातवंडं रांगेत बसवली, तर एक मीटरवरच्या छत्रीने जवळचं मूल पांढरं पडेल आणि शेवटचं अंधारात जाईल. तिथे छत्री मागे न्यावी लागते, मग सावली कडक होते, म्हणून ६० इंचाची छत्री लागते आणि पॉवरही बरीच वाढवावी लागते. फ्लॅशला पुन्हा भरायला त्यामुळे जास्त वेळ लागतो आणि मुलं तेवढ्यात जागेवरून उठलेली असतात.