फोनमध्ये संथ, लॅपटॉपवर सुसाट

मैदानावर कोणी गोलंदाजीची क्लिप आयफोनच्या स्लो-मो मोडमध्ये टिपतो. फोनवर ती झकास दिसते: धाव नेहमीच्या वेगाने, मग हात फिरताना सगळं संथ, चेंडू सुटला की पुन्हा नेहमीचा वेग. तीच फाइल केबल लावून लॅपटॉपवर घेतली की संथपणा गायब. गोलंदाज धावतो, टाकतो, सहा सेकंदांत खेळ खलास. लॅपटॉप जुना असेल तर चित्र अडखळतं आणि आवाज पुढे निघून जातो. बहुतेकांना वाटतं की कॉपी करताना फाइल बिघडली. फाइल धडधाकट असते. फोनने दाखवलेला संथपणा मुळात त्या फाइलमध्ये नव्हताच.

कॅमेऱ्याने सेकंदाला २४० फ्रेम टिपल्या. सहा सेकंदांच्या क्लिपमध्ये अशा १४४० फ्रेम होतात. प्रत्येक फ्रेमवर ती कधी दाखवायची याचा शिक्का असतो, आणि आयफोन हे शिक्के खऱ्या वेळेनुसारच मारतो, म्हणजे एका सेकंदावर २४०. कुठून कुठवर संथ दाखवायचं, ही सूचना तो निराळी ठेवतो. फोटो ॲपमध्ये क्लिपखाली दिसणाऱ्या बारीक रेघा सरकवल्या की ती सूचना बदलते, फाइल तशीच राहते. मूळ फाइल संगणकावर घेताना कधीकधी सोबत त्याच नावाची, शेवटी .AAE असलेली चिमुकली फाइल येते. ती कचरा समजून लोक उडवतात. खरं तर त्या सूचनेचा कागद तोच, पण संगणकावरच्या सर्वसाधारण प्लेअरला तो वाचता येत नाही. प्लेअर शिक्के पाहतो आणि २४० फ्रेम एका सेकंदात दाखवायला धावतो. नेहमीचा पडदा सेकंदाला ६० वेळाच बदलतो, त्यामुळे चारातल्या तीन फ्रेम आपल्या डोळ्यांपर्यंत पोचतच नाहीत.

अडखळण्याचं कारण वेगळं आहे. नव्या आयफोनवर १०८० रेझोल्युशनला २४० फ्रेम हव्या असतील तर एचईव्हीसी हे कॉम्प्रेशन वापरावंच लागतं. ते उलगडायला प्रोसेसरला बरीच मेहनत पडते, त्यातून काम नेहमीच्या व्हिडिओच्या आठपट. विंडोजच्या काही संगणकांवर तर एचईव्हीसीचा जोड बसवलेला नसतो आणि काळा पडदा व नुसता आवाज मिळतो. क्लिप एकदा ताणून नीट केली की वेगाची तक्रार आणि अडखळणं दोन्ही जातात. काळा पडदा मात्र कॉम्प्रेशन बदलल्याशिवाय जात नाही.

घाई असेल तर सोपा मार्ग फोनमध्येच आहे. फोटो ॲपमधून क्लिप मेलने किंवा व्हॉट्सॲपवर शेअर केली की फोन स्वतःच संथ भाग ताणून सपाट फाइल तयार करतो आणि तीच पाठवतो. मॅकवरच्या फोटो ॲपमधूनही साधं एक्स्पोर्ट केलं की ताणलेली प्रत मिळते, ‘अनमॉडिफाइड ओरिजिनल’ निवडलं की न ताणलेली. नातेवाइकांना पाठवायला एवढं पुरतं. पण व्हॉट्सॲप क्लिप चांगलीच दाबतं, आणि प्रशिक्षकाला जे बघायचं असतं, म्हणजे पुढचा पाय रेषेच्या मागे टेकला की पुढे, ते नेमकं त्या दाबण्यात पुसट होतं. म्हणून मूळ फाइल घ्यावी आणि संगणकावर आपण ताणावी.

त्याआधी फाइलला विचारून घ्यावं की ती ताणलेली आहे की नाही. त्यासाठी ffmpeg हे फुकट साधन बसवलं की सोबत ffprobe येतं. काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करायची म्हटल्यावर अनेकजण बिचकतात, पण इथे काम दोन-तीन ओळींचंच आहे.

```
ffprobe -v error -select_streams v:0 -show_entries stream=avg_frame_rate,duration:format_tags IMG_0412.MOV
```

उत्तरात avg_frame_rate पुढे २४०च्या आसपासचा अपूर्णांक आणि duration पुढे सहाच्या आसपासचा आकडा दिसला, तर शिक्के खऱ्या वेळेचे आहेत आणि ताणायचं काम बाकी आहे. अँड्रॉइडची गंमत अशी की सगळे फोन एका रीतीने वागत नाहीत. काही फोन आयफोनसारखे खरे शिक्के मारतात आणि संथपणा आपल्या गॅलरीपुरता ठेवतात, तर काही टिपतानाच शिक्के लांबवून ३०ची फाइल बनवतात. अशा बऱ्याच फाइलींत com.android.capture.fps अशी नोंद असते. ती २४० सांगते आणि avg_frame_rate मात्र ३० येतो, तेव्हा क्लिप आधीच ताणलेली आहे. तिला हात लावू नये. ९६० फ्रेमवाल्या ‘सुपर स्लो’ क्लिपा सहसा याच जातीच्या. सोनीने २०१७ साली एक्सपीरिया एक्सझेड प्रीमियममध्ये ही सोय आणली तेव्हा खरी टिपण सेकंदाच्या पाचव्या भागाहूनही कमी वेळ चालायची आणि फाइलमध्ये ती कित्येक सेकंद पसरलेली मिळायची. अशी क्लिप पुन्हा आठपट ताणली तर निव्वळ थांबलेलं चित्र हाती येतं.

आपली गोलंदाजीची क्लिप मात्र २४०ची, न ताणलेली आहे. गणित सरळ: टिपल्या २४०, दाखवायच्या ३०, म्हणजे आठपट. १२०वर टिपली असती तर चौपट. फक्त शिक्के बदलायचे असतील, चित्राला धक्काही लावायचा नसेल, तर ही आज्ञा:

```
ffmpeg -itsscale 8 -i IMG_0412.MOV -c copy -an santh.mov
```

ही बहुधा डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच पुरी होते, कारण चित्र नव्याने बनवायचंच नाही. सहा सेकंदांची क्लिप ४८ सेकंदांची होते आणि फाइलचा आकार जवळपास तेवढाच राहतो. itsscale हा शब्द -i च्या आधीच लिहायला हवा, नंतर लिहिला तर तो लागू होत नाही. -an म्हणजे आवाज काढून टाक. आठपट ताणलेला आवाज ऐकण्यासारखा नसतोच, तेव्हा हळहळायचं कारण नाही. दर्जाच्या दृष्टीने मला हीच पद्धत सगळ्यांत प्रामाणिक वाटते. तिची मर्यादा अशी की कॉम्प्रेशन एचईव्हीसीच राहतं, त्यामुळे ज्या संगणकावर काळा पडदा येत होता तिथे तो तसाच येणार. शिवाय अख्खी क्लिप संथ होते. धावेचे पहिले तीन सेकंद चोवीस सेकंद बघत बसायला प्रशिक्षकालाही वेळ नसतो.

फोनमध्ये दिसत होतं तसं, मधलाच भाग संथ हवा असेल तर चित्र नव्याने बनवावं लागतं. आपल्या क्लिपमध्ये हात वर जायला लागतो तिसऱ्या सेकंदाला आणि चेंडू फलंदाजापर्यंत पोचतो साडेचाराला. म्हणजे मधला दीड सेकंद ताणायचा.

```
ffmpeg -i IMG_0412.MOV -vf "setpts='(T+7*clip(T-3,0,1.5))/TB',fps=30" -c:v libx264 -crf 18 -pix_fmt yuv420p -an golandaji.mp4
```

कंसातला मजकूर किचकट दिसतो, पण त्याचा अर्थ साधा आहे. T म्हणजे फ्रेमची मूळ वेळ. तिसऱ्या सेकंदापर्यंत ती तशीच ठेव. तिथून पुढे दीड सेकंद, लोटलेल्या प्रत्येक क्षणामागे आणखी सात क्षणांची भर घाल. त्यानंतर जमलेली भर तेवढीच राहू दे, वाढवू नकोस. सात का, तर मूळचा एक धरून आठ होतात. नवी क्लिप साडेसोळा सेकंदांची होते: तीन सेकंद धाव, बारा सेकंद संथ, दीड सेकंद शेवट. आपल्या क्लिपसाठी फक्त ३ आणि 1.5 हे आकडे बदलायचे. libx264 मुळे फाइल जवळजवळ कुठल्याही फोनवर, टीव्हीवर, जुन्या लॅपटॉपवर चालते. crf चा आकडा लहान केला की चित्र अधिक स्वच्छ आणि फाइल जाड होते. १८ला सहसा डोळ्याला फरक कळत नाही.

सर्रास घडणारी चूक म्हणजे फक्त ‘३० फ्रेम’ एवढं सांगून मोकळं होणं. वरच्या आज्ञेतून setpts काढून नुसतं fps=30 ठेवलं, किंवा हँडब्रेकसारख्या लोकप्रिय रूपांतरकात फ्रेम रेट ३० निवडला, की प्रोग्राम सांगितलेलं इमानदारीने करतो. सहा सेकंद सहाच ठेवतो आणि आठातल्या सात फ्रेम फेकून देतो. तासाला १०० किलोमीटर वेगाचा चेंडू मूळ क्लिपमध्ये एका फ्रेमपासून दुसरीपर्यंत साधारण साडेअकरा सेंटीमीटर सरकतो. या रूपांतरानंतर तो जवळजवळ एक मीटरच्या उड्या मारतो. अशी फाइल नंतर कितीही संथ करा, मधल्या फ्रेम परत येत नाहीत. उलट प्रकारची चूक संपादनाच्या ॲपमध्ये होते: प्रकल्प आधी ३०चा करून, त्यात फ्रेम गाळलेली क्लिप टाकून मग वेग कमी केला की तीच फ्रेम आठ वेळा दिसते.

दोन्ही चुका पकडायची एकच युक्ती आहे. तयार फाइल व्हीएलसीत उघडावी, चेंडू हवेत असताना थांबवावी आणि कीबोर्डवरचं E दाबत एकेक फ्रेम पुढे जावं. दर दाबण्याला चेंडू जरासाच सरकला पाहिजे. तो बरेचदा जागचा हललाच नाही तर फ्रेमच्या नकला आहेत. भलतीच उडी मारली तर फ्रेम गेल्या आहेत. अधूनमधून एखादी फ्रेम दोनदा आली तर ते चालतं, कारण फोन दर वेळी नेमक्या २४० टिपत नाही, प्रकाश कमी-जास्त झाला की थोडं मागेपुढे होतं.

घरातल्या किंवा हॉलमधल्या क्लिपांना आणखी एक दुखणं जडतं. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुन्या ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. नेहमीच्या व्हिडिओत ते जाणवत नाही. आठपट ताणल्यावर तेच सेकंदाला साडेबारा वेळा होतं आणि हॉल लुकलुकायला लागतो. रूपांतराचा हा दोष नाही, मूळ फाइलमध्ये तो आहेच. पूर्ण चित्र एकसारखं मंद-तेज होत असेल तर वरच्या आज्ञेत setpts च्या आधी deflicker=size=12, एवढं घालून बघावं. ते आसपासच्या बारा फ्रेमांची उजळण सरासरीला आणतं, आणि २४०च्या हिशेबात बारा फ्रेमांत दिव्याची बरोबर पाच आवर्तनं बसतात. चित्रावर आडवे काळे पट्टे सरकत असतील तर याचा उपयोग होत नाही. तेव्हा टिपतानाच दिवसा, खिडकीच्या उजेडात टिपणं हाच इलाज.

तयार झालेली golandaji.mp4 प्रशिक्षकाला पाठवताना व्हॉट्सॲपमध्ये व्हिडिओ म्हणून न पाठवता ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडावी, म्हणजे ती दाबली जात नाही. मूळ .MOV आणि सोबत .AAE आली असेल तर तीही जपून ठेवावी, कारण उद्या तोच चेंडू सव्वातीनपासून पावणेचारपर्यंतच बघायचा झाला तर कापलेल्या क्लिपपेक्षा मूळ फाइलवर आज्ञा पुन्हा चालवणं कितीतरी सोयीचं असतं.