मुक्कामी एसटी आणि एक पान

लहानपणी आमच्या गावात रात्री आठच्या सुमारास शेवटची एसटी यायची आणि तिथेच मुक्काम करायची. ड्रायव्हर-कंडक्टर देवळाच्या ओसरीवर पथारी टाकायचे, गाडी वडाखाली उभी राहायची आणि सकाळी सहाला निघून जायची. अंथरुणात पडल्यावर मला एकच प्रश्न पडे, सगळे झोपल्यावर ती एसटी एकटी काय करत असेल? मोठेपणी मुलांसाठी ॲनिमेशनपट लिहायला लागलो तेव्हा हा प्रश्न वहीत उतरवला आणि त्याखाली लिहिलं, ‘जिवंत एसटी. एक मुलगी. मैत्री. रात्र.’ ज्याला सांगावं त्याला हे आवडायचं. पण ‘मग पुढे काय होतं?’ असं कुणी विचारलं की माझ्याकडे उत्तर नसायचं.

ॲनिमेशनमध्ये हे उत्तर आधीच लागतं. पडद्यावरच्या एका सेकंदात 24 फ्रेम असतात. पाच मिनिटांच्या लघुपटाच्या 7,200 होतात. एकेक चित्र दोन-दोन फ्रेम धरून ठेवलं तरी 3,600 चित्रं उरतात. कॅमेऱ्याने चित्रित केलेल्या सिनेमात जास्तीचं काही हाती असतं, संकलनाच्या टेबलावर गोष्ट थोडी सावरता येते. इथे काढलेलं नाही ते अस्तित्वातच नाही, आणि काढलेलं फेकायचं म्हणजे कुणाचे तरी आठवडे फेकायचे. म्हणून स्टोरीबोर्डच्याही आधी एक पान लिहितात. गोष्ट कशाबद्दल आहे, तिच्यात ओढून घेणारं काय आहे आणि ती कुठे संपते, एवढं त्यावर स्पष्ट असावं लागतं.

लांबी कमी आहे म्हणून गोष्ट नसली तरी चालेल, असं मात्र नाही. पिक्सारच्या जॉन लॅसेटर यांनी टेबललॅम्पच्या हालचालींची सुरुवातीची चाचणी ब्रसेल्सला दाखवली, तेव्हा बेल्जियमचे ॲनिमेटर राउल सेर्व्हे यांनी त्यांना विचारलं की यात गोष्ट कुठे आहे? एवढ्या छोट्या फिल्ममध्ये गोष्ट कशी मावणार, असं लॅसेटर म्हणाले. त्यावर गोष्ट दहा सेकंदांतही सांगता येते, असं सेर्व्हे यांनी सांगितल्याचं लॅसेटर यांनी पुढे नोंदवलं आहे. त्यातून 1986 चा ‘लक्सो ज्युनियर’ घडला. लहानगा दिवा चेंडूवर उड्या मारतो, चेंडू फुसकन बसतो, दिवा मान खाली घालून निघून जातो आणि क्षणात त्याहून मोठा चेंडू घेऊन परत येतो. सुमारे दोन मिनिटांत एक लहान मूल आणि त्याचा पालक आपल्याला पुरते कळतात.

माझ्या एसटीत हेच नव्हतं. तिथे जागा होती, वातावरण होतं, पण कुणाला काही हवं नव्हतं. म्हणून पहिला प्रश्न असा धरला: या गाडीमुळे गावातल्या कुठल्या मुलाच्या आयुष्यात फरक पडतो? उत्तर पटकन मिळालं. जिची आई रोज पहाटे याच गाडीने तालुक्याला कामाला जाते, त्या पाच वर्षांच्या मुलीच्या. तिला काय हवं आहे? गाडी जाऊच नये. इथे प्रेक्षकाचं वयही ठरलं. चार ते सात वर्षांच्या मुलांना आई दाराबाहेर पडताना पोटात पडणारा खड्डा माहीत असतो. दहा वर्षांच्या मुलासाठी हीच गोष्ट वेगळी लिहावी लागली असती.

मग आशयसूत्र, म्हणजे थीम. इथे बहुतेक जण एक शब्द लिहितात, ‘प्रेम’, ‘मैत्री’, ‘आईची माया’. मीही ‘मैत्री’ लिहिलं होतं. एका शब्दाने काहीच ठरत नाही, कारण तो कुठल्याही प्रसंगाला लागू पडतो. आशय पूर्ण वाक्यात लिहावा, आणि ते वाक्य असं हवं की गोष्टीच्या सुरुवातीला मुख्य पात्राला ते मान्य नसेल. मी बरीच वाक्यं खोडली. ‘आईचं काम महत्त्वाचं असतं’ हे मोठ्यांचं वाक्य झालं. ‘वियोग सोसावा लागतो’ हे त्याहून मोठ्यांचं. शेवटी लिहिलं, ‘जी गाडी आईला नेते, तीच आईला आणते.’ मुलीला पहिला अर्धाच भाग दिसतो आहे. दुसरा अर्धा दिसणं, हीच गोष्ट.

हे वाक्य फिल्ममध्ये कुणीही उच्चारायचं नाही. ते लिहिणाऱ्यासाठी आहे. विजया मुळे यांच्या 1974 च्या ‘एक अनेक और एकता’मध्ये एकीचा अर्थ बोलून दाखवलेला आहे खरा. पण मनात राहतात ते जाळ्यासकट एकदम उडणारे पक्षी. तिथे आशय कृतीत उतरला आहे, आणि ती कृती सापडणं म्हणजेच हुक सापडणं.

हुक म्हणजे ऐकणारा ‘अरे, मग?’ म्हणतो ती एक गोष्ट. ‘एसटी जिवंत असते’ हा हुक नव्हे. बोलणाऱ्या गाड्या मुलांनी ढिगाने पाहिल्या आहेत. हुक पात्राच्या इच्छेतून यावा लागतो. पाच वर्षांची मुलगी गाडी थांबवायला काय करेल? चाकाची हवा सोडणं मोठ्या मुलाचं डोकं झालं. लपवणं जमणार नाही. तिला एवढंच ठाऊक आहे की आपल्याला गोधडीत गुरफटलं की सकाळी जाग येत नाही. म्हणून ती वाड्यावाड्यांतून वाळत घातलेल्या गोधड्या गोळा करते आणि अख्ख्या एसटीला पांघरूण घालून झोपवते. अशक्य गोष्ट एकच, की गाडी खरोखर झोपते. गाडी बोलायलाही लागली असती, चाकांवर नाचली असती, तर त्या एका अशक्याची किंमत उतरली असती.

सगळ्यात जास्त वेळ शेवटाने घेतला. पहिल्या मसुद्यात आई येऊन मुलीला समजावते. तो खर्डा मी मुलांना वाचून दाखवला, तेव्हा आईचं बोलणं सुरू होताच पोरं इकडेतिकडे बघायला लागली. दुसऱ्यात सगळं स्वप्न निघालं. मग मुलीने केलेलं काहीच घडलेलं नाही, असं झालं. दोन्हींत दोष एकच. गाठ मुलीने मारली, पण ती सोडवली दुसऱ्या कुणीतरी. शेवट मुख्य पात्राच्या निर्णयातून यायला हवा आणि त्या निर्णयासाठी त्याला काहीतरी सोडावं लागायला हवं. मुलीने गाडी स्वतः उठवली पाहिजे. का उठवेल? थांब्यावर तिच्याएवढाच एक मुलगा उभा आहे, याच गाडीने आपल्या आईकडे जायला निघालेला. आशयाच्या वाक्याचा दुसरा अर्धा तिला त्याच्या रूपाने दिसतो.

शेवट सापडल्यावर सुरुवात बदलावी लागते. अखेरचं चित्र पहिल्या चित्राला उत्तर देणारं हवं होतं, म्हणून घरात गजराचं घड्याळ आणलं. गर्दी छाटली. थांब्यावर वीस माणसं होती, तिथे तीन ठेवली, कारण प्रत्येक माणूस दर फ्रेममध्ये काढावा लागतो. मग पान असं झालं:

शीर्षक: गाडी झोपली. लांबी: 5 मिनिटं. वय: 4 ते 7. संवाद नाहीत.

एका वाक्यात: आईने कामाला जाऊ नये म्हणून पाच वर्षांची मनू मुक्कामी एसटीला गोधड्या पांघरून झोपवते, आणि सकाळी गाडी खरंच उठत नाही.

आशय: जी गाडी आईला नेते, तीच आईला आणते.

गोष्ट: पहाटे गजर होतो. मनू घड्याळ उशीखाली दाबते, तरी आई उठते, एसटीत बसते, गाडी वळणाआड जाते. रात्री आई परतते, तेव्हा मनू गाढ झोपलेली. मध्यरात्री तिला जाग येते. शेजारी आई आहे, खिडकीबाहेर गाडी. मनू गावभरच्या गोधड्या ओढत आणते. टपावर एक, बॉनेटवर एक, आरशांवर कुंच्या. गाडीचे दिवे मिटतात, ती घोरू लागते. सकाळी ड्रायव्हर चावी फिरवतो, इंजिनातून फक्त घोरणं येतं. दूधवाला कॅन घेऊन ताटकळतो. आई घरी परत येते आणि मनू आनंदाने नाचते. मग तिला थांब्यावर आजोबांचं बोट धरलेला मुलगा दिसतो. त्याच्या हातात त्याने काढलेलं चित्र आहे: एका बाजूला तो, एका बाजूला त्याची आई, मध्ये लाल गाडी. तो गाडीकडे बघत रडू आवरतो आहे.

शेवट: मनू आईचा हात सोडते. एकेक गोधडी काढते आणि आरशाजवळ जाऊन हळूच काही सांगते. दिवे उघडतात. गाडी आईला आणि त्या मुलाला घेऊन जाते. रात्री वळणावर दिवे दिसतात, आई उतरते, या वेळी मनू जागी आहे. ती आपली छोटी गोधडी बॉनेटवर पसरते आणि बंपरवर गजराचं घड्याळ ठेवते.

रूप: कापडी तुकड्यांचं कटआउट ॲनिमेशन. सगळं गाव गोधडीसारखं टाके घातलेलं.

हे पान तपासायच्या दोन कसोट्या मी वापरतो. पहिली, शेवटचं चित्र आवाजाशिवाय मनात आणायचं. बंपरवरचं घड्याळ पाहून मनू बदलली हे कळतं, तर शेवट चित्रात आहे. समजावून सांगावं लागलं, तर तो अजून लेखकाच्या डोक्यातच आहे. दुसरी, मधला एखादा प्रसंग झाकून बघायचा. मनू रात्री गाडीत बसून गावाबाहेर फिरून येते, असा एक सुरेख प्रसंग माझ्याकडे होता. तो झाकला तर पुढचं काहीच अडलं नाही. म्हणून तो गेला.

पानाची मर्यादाही आहे. गोधडी ओढताना मनूचा तोल कसा जातो, गाडीचं घोरणं कसं ऐकू येतं, ही गंमत पानावर येत नाही. ती स्टोरीबोर्डवर आणि आवाजात घडते. आधी तिच्यामागे लागलं तर छान छान प्रसंग जमतात आणि गोष्ट राहून जाते.

तुमच्या वहीतही अशी एखादी अर्धी ओळ असेल, तर आधी शेवटचं चित्र काढा. मग घरातल्या पाच वर्षांच्या मुलाला बसवून अख्खं पान तोंडी सांगा, वाचून नाही. सांगताना तुम्ही ‘म्हणजे त्याचं असं होतं की’ म्हणून जिथे अडाल, नेमकं तिथेच पान पुन्हा लिहायचं आहे.