बाण उलटे फिरवताना

खजिनाशोधाच्या खेळात प्रत्येक चिठ्ठी फक्त पुढच्या चिठ्ठीची जागा सांगते. संगणकातली एकेरी लिंक्ड लिस्टही तशीच असते. ती उलटायची कशी?

कागदावर १ → २ → ३ काढा. १ चा बाण खोडण्याआधी २ चा पत्ता बाजूला टिपायचा. नाहीतर २ आणि ३ कायमचे हरवतात. मग १ चा बाण रिकामा करायचा. त्याच रीतीने २ चा बाण १ कडे, ३ चा २ कडे वळवायचा. आता सुरुवात ३ पासून.

रिकर्शनमध्ये आधी शेवटापर्यंत जायचे आणि परतताना बाण फिरवायचे. २ वर परतल्यावर ३ चा बाण २ कडे वळतो, १ वर परतल्यावर २ चा १ कडे. शेवटी १ चा जुना बाण पुसायला विसरले, तर १ आणि २ एकमेकांकडेच बोट दाखवतात आणि यादी छापताना ३, २, १, २, १ असे अखंड चालू राहते.