पीसीसीच्या अर्जातले दोन रकाने

मिरजेची एक नर्स, वय तिशीच्या आसपास. तिला इंग्लंडमधल्या रुग्णालयाची नोकरी मिळाली आहे आणि व्हिसासाठी पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेली 'पीसीसी', हवी आहे. पासपोर्टवर पत्ता मिरजेचा. सध्या ती पुण्यात हडपसरला भाड्याच्या खोलीत राहते, पण तिथे येऊन जेमतेम सात महिने झालेत. त्याआधी कोल्हापुरातल्या रुग्णालयाच्या हॉस्टेलवर होती, आणि त्याच्याही आधी अडीच वर्षं ओमानमध्ये. ही नर्स कल्पित आहे, पण असे गुंतलेले पत्ते घेऊन अर्ज भरायला बसणारी माणसं महाराष्ट्रात गावोगावी भेटतील. त्यांच्या फायली बहुतेक वेळा दोनच ठिकाणी अडतात. एक, कुठे राहत होता. दुसरं, कुठे आणि कशासाठी चालला आहात.

आधी अर्ज कोणाकडे करायचा ते पाहू, कारण इथेच पहिला घोळ होतो. महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावरूनही चारित्र्य पडताळणीचा दाखला मिळतो. इथल्या एखाद्या कंपनीने तो मागितला तर तिकडे जावं. परदेशी नोकरीसाठी मात्र भारतीय पासपोर्टधारकाला पीसीसी पासपोर्ट कार्यालय देतं. अर्ज passportindia.gov.in वर भरायचा, शुल्क ५०० रुपये, आणि मग मूळ पासपोर्ट घेऊन पासपोर्ट सेवा केंद्रात किंवा पोस्टातल्या केंद्रात जायचं. पोस्टातल्या केंद्रांत ही सोय २८ सप्टेंबर २०२२ पासून झाली, त्यामुळे जिल्ह्याच्या ठिकाणीही अपॉइंटमेंट मिळू लागली. मिळत्याजुळत्या नावाची खोटी संकेतस्थळं पैसे उकळतात, म्हणून पत्त्याच्या शेवटी gov.in आहे ना, एवढं पाहून घ्यावं.

आता पत्त्याचा रकाना. अर्जात सध्याचा पत्ता आणि तिथे कधीपासून राहता ते विचारतात. सलग एक वर्ष झालं नसेल, तर त्या वर्षातले बाकीचे पत्तेही तारखांसह द्यावे लागतात. आपल्या नर्सने इथे हडपसर आणि कोल्हापूरचं हॉस्टेल, अशी दोन्ही ठिकाणं लिहायला हवीत. पण पुष्कळ जण, किंवा त्यांचा फॉर्म भरून देणारा एजंट, सरळ पासपोर्टवरचा पत्ता टाकून मोकळे होतात. घर आपलंच आहे, आईवडील तिथेच आहेत, मग खोटं काय लिहिलं, असा त्यांचा हिशेब असतो. इकडे पडताळणी मिरजेच्या पोलीस ठाण्याकडे जाते. तिथला कर्मचारी चौकशी करतो, शेजारी सांगतात, 'ती पुण्याला असते', आणि 'अर्जदार दिलेल्या पत्त्यावर राहत नाही' असा शेरा मारून कागद परत जातो. नर्सवर कुठलाही गुन्हा नसतो, तरीही फाइल थांबते. पासपोर्ट कार्यालयाला खुलासा द्यायचा आणि पडताळणी पुन्हा करून घ्यायची, यात आठवडे जातात.

हडपसरचा पत्ता लिहायचा तर त्याचा पुरावा लागणार. नोंदणीकृत भाडेकरार, पत्ता बदललेलं आधार किंवा चालू खात्याचं बँक पासबुक चालतं. म्हणून अर्जाआधी आधारवरचा पत्ता बदलून घेतलेला बरा. करारातला फ्लॅट क्रमांक, इमारतीचं नाव आणि पिनकोड जसाच्या तसा अर्जात उतरवावा. एका कागदावर 'बी-४' आणि दुसऱ्यावर नुसताच '४' असेल, तर तपासणारा थांबतो आणि विचारतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

केंद्रात ए, बी, सी असे तीन टप्पे असतात. ए काउंटरवर कागद स्कॅन होतात, फोटो आणि बोटांचे ठसे घेतात आणि भरलेली माहिती पडद्यावर दाखवतात. ही दोन मिनिटं फार मोलाची असतात. पत्त्याची ओळ आणि 'कधीपासून'ची तारीख तिथेच नीट वाचावी, चूक दिसली तर तिथेच सांगावी. पुढे बी आणि सी काउंटरवरचे अधिकारी कागद तपासून निर्णय घेतात. पासपोर्टच्या वेळची पोलीस पडताळणी स्वच्छ असेल आणि पत्ता तोच असेल, तर काम कधी कधी चटकन होतं. पत्ता बदललेला असेल तर पोलिसांची वाट पाहावी लागतेच. ठाण्यातून फोन आला की भाडेकरार, आधार आणि ओळखीच्या दोन माणसांची माहिती तयार ठेवावी.

अर्जात फौजदारी खटल्याबद्दलही प्रश्न असतात. दुसऱ्या जिल्ह्यातलं जुनं प्रकरण इथे कोणाला कळणार, असं समजून काही जण 'नाही' लिहितात. पोलिसांच्या नोंदी आता संगणकावर जोडलेल्या आहेत. शिवाय पासपोर्ट कायद्याच्या कलम १२ नुसार जाणूनबुजून खोटी माहिती दिली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. प्रकरण कोर्टात चालू असेल तर आधी वकिलाला विचारून, कोर्टाचे कागद सोबत घेऊनच अर्ज करावा.

दुसरा रकाना देशाचा आणि कारणाचा. नोकरी, दीर्घकाळचा व्हिसा, परदेशातलं वास्तव्य किंवा कायमचं स्थलांतर यासाठी पीसीसी मिळते. पर्यटक व्हिसावर जाणाऱ्याला नाही. 'आधी टुरिस्ट व्हिसावर जा, कामाचं तिथे बघू' असं सांगणाऱ्या एजंटाचा बेत इथेच उघडा पडतो, आणि ते अर्जदाराच्या भल्याचंच आहे. दाखल्यावर देशाचं नाव छापलेलं असतं. त्या अमुक देशाचा व्हिसा मिळण्यास अपात्र ठरेल अशी प्रतिकूल माहिती नोंदीत नाही, असा त्याचा आशय असतो. म्हणजे इंग्लंडसाठी काढलेली पीसीसी जर्मनीसाठी चालत नाही. बेत बदलला की नवा अर्ज आणि पुन्हा ५०० रुपये. ज्यांच्या पासपोर्टवर ईसीआरचा शिक्का आहे, त्यांना परदेशी मालकाशी झालेला नोकरीचा करार आणि व्हिसाची प्रतही जोडावी लागते.

देशांचे नियम बदलतात, हेही ध्यानात ठेवायला हवं. सौदी अरेबियाच्या दिल्लीतल्या दूतावासाने १७ नोव्हेंबर २०२२ रोजी भारतीयांना पीसीसीच्या अटीतून सूट जाहीर केली. त्याआधी हजारोंनी रांगा लावल्या होत्या. म्हणून एजंटाच्या तोंडी माहितीवर न जाता त्या देशाच्या व्हिसाच्या अधिकृत पानावर काय लिहिलंय ते अर्जाच्या दिवशी वाचावं.

नर्सच्या ओमानचं काय? भारतीय अर्जात पत्त्यांचा इतिहास एका वर्षाचा, पण इंग्लंडचा हिशेब दहा वर्षांचा असतो. आरोग्य, शिक्षण, समाजसेवा अशा क्षेत्रांतल्या नोकरीसाठी, वयाची अठरा वर्षं झाल्यानंतर, गेल्या दहा वर्षांत ज्या ज्या देशात बारा महिने किंवा जास्त राहणं झालं, त्या प्रत्येक देशाच्या पोलिसांचं प्रमाणपत्र तिथे मागतात. म्हणजे तिला भारताच्या पीसीसीबरोबर ओमान पोलिसांचंही लागेल, आणि ते पासपोर्ट कार्यालय देऊ शकत नाही. कॅनडाच्या कायम वास्तव्यासाठी ही मर्यादा सलग सहा महिन्यांची आहे. आखातात वर्षं काढून आलेल्यांना हे कळतं तेव्हा तिकडची नोकरी सुटलेली असते, रहिवासी कार्ड संपलेलं असतं आणि कागद इथे बसून मिळवावा लागतो. त्यामुळे नर्सने ओमानचं काम आधी हाती घ्यावं आणि भारतीय पीसीसी नंतर काढावी.

त्याला आणखी एक कारण आहे. पीसीसी किती दिवस चालेल हे ती मागणारा देश ठरवतो. कॅनडा, उदाहरणार्थ, सध्या राहत्या देशाचं प्रमाणपत्र अर्जाच्या तारखेला सहा महिन्यांपेक्षा जुनं चालवत नाही. दाखला हातात आला की नावाचं स्पेलिंग, पासपोर्ट क्रमांक आणि देशाचं नाव केंद्रातून किंवा घरी लगेच पासपोर्टशी ताडून पाहावं. आणि पासपोर्टची मुदत संपत आली असेल तर आधी नवा पासपोर्ट काढावा. नाहीतर पीसीसीवर जुना क्रमांक राहतो आणि व्हिसाच्या अर्जात नवा.